वजा सहा

आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते आणि आठवीचे शेवटचे दोन तास माझ्याकडे असतात. विषय विज्ञान. पोटात भूक आणि डोक्यात सुट्टी शिरलेली असताना चाळीस मुलांना नवीन धडा शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून ती सत्तर मिनिटं मी त्या आठवड्यात झालेल्या धड्यांच्या उजळणीला ठेवली आहेत, आणि उजळणी म्हणजे क्विझ. वेळापत्रकात तिला ‘प्रश्नमंजूषा’ असं भारदस्त नाव आहे, पण ते कुणी घेत नाही.

ही क्विझ घेता घेता एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. प्रश्न सोपे आहेत की अवघड, याने वर्गात फारसा फरक पडत नाही. गुण कशाला मिळतात आणि कशाला कापले जातात, याने मात्र सगळा फरक पडतो. वर्गातल्या कुणी डोकं चालवायचं आणि कुणी नुसतं बघत बसायचं, हे गुणांचा नियमच ठरवून टाकतो.

क्विझ म्हटलं की आपल्याला टीव्ही आठवतो. नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना डेरेक ओब्रायनचं बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट, त्यानंतरच्यांना केबीसी. बझर, पास, बोनस हे सगळं तिथून आलं. वर्गात बझर नसतो, मग ‘ज्याचा हात आधी वर’ हा नियम येतो. टीव्हीवर हे छान चालतं, कारण तिथे खेळणारे निवडलेले असतात आणि बाकीच्यांचं काम बघण्याचंच असतं. वर्गात मात्र जे नुसतं बघतात, त्यांच्यासाठीच तर उजळणी असते. अशा एका क्विझला मी एकदा मागच्या बाकावर बसून फक्त मोजणी केली होती. वीस प्रश्नांपैकी सतरा प्रश्नांची उत्तरं तीनच मुलांनी दिली. उरलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलं मजेत होती, पण त्यातल्या कुणीही एकदासुद्धा काही आठवायचा प्रयत्न केला नव्हता. प्रश्न ऐकायचा, पहिल्या बाकाकडे बघायचं आणि उत्तर आलं की ‘हो, हेच मला येत होतं’ असं मनात म्हणायचं.

‘येत होतं’ आणि ‘आठवलं’ यांत फरक आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे जी उजळणी करताना बरं वाटतं ती लवकर विरते, आणि जिच्यात डोक्याला ताण पडतो ती टिकते. पण ताण ज्याच्या डोक्याला पडतो त्याचंच टिकतं. शेजारच्याने आठवून आपलं पाठ होत नाही.

तेव्हा क्विझचा पहिला नियम यातून निघतो: प्रत्येक प्रश्नावर चाळीसच्या चाळीस मुलांनी आठवायला हवं.

यासाठी पहिली फेरी पाटीची असते. पाच-पाच जणांचे आठ गट. प्रत्येकाला गटात एक ते पाच यांपैकी एक नंबर. मी प्रश्न वाचते. चाळीस सेकंद कुणी कुणाशी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपल्या पाटीवर उत्तर लिहायचं आणि पाटी पालथी ठेवायची. मग एक मिनिट गटात बोलायला मोकळीक. या वेळात उत्तर बदलता येतं, पण आधीचं पुसायचं नाही, त्यावर काट मारून शेजारी नवं लिहायचं. मिनिट संपलं की मी डब्यातून चिठ्ठी काढते. चिठ्ठीवर चार आला, तर आठही गटांतल्या चार नंबरच्या मुलांनी पाट्या वर करायच्या. बरोबर असेल त्या गटाला दोन गुण. चुकलं तर शून्य, वजा काही नाही. असे सहा प्रश्न, वीस मिनिटं.

ही कल्पना माझी नाही. स्पेन्सर कागन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या ‘नंबर्ड हेड्स टुगेदर’ या पद्धतीचं हे आमच्या वर्गातलं रूप आहे. त्यातली गंमत चिठ्ठीत आहे. कुणाची पाटी वर जाणार हे शेवटपर्यंत माहीत नसतं. त्यामुळे गटातल्या हुशार मुलाला स्वतःचं उत्तर बरोबर असून भागत नाही. त्या एका मिनिटात त्याला उरलेल्या चौघांना ते पटवावं लागतं. नुसतं ‘ब लिही, ब’ एवढं सांगूनही चालत नाही, कारण वर आलेल्या आठांपैकी एकाला मी ‘का?’ विचारते आणि ते सांगता आलं नाही तर गुण जातात. काट मारलेलं उत्तर मला फार उपयोगी पडतं. आधी काय वाटत होतं आणि मित्रांनी कुठे वळवलं, हे पाटीवर दिसतं. कधीकधी बरोबर उत्तरावर काट मारून चुकीचं लिहिलेलं असतं. गटात कोण मोठ्याने बोलतं, तेही त्यावरून कळतं.

पासची फेरी मी ठेवलेली नाही. पासमध्ये एक छुपा अन्याय असतो. अ गटाला आलं नाही की प्रश्न ब गटाकडे जातो. म्हणजे कच्च्या गटाच्या पुढे बसलेल्या गटाला दर वेळी आयता प्रश्न मिळतो आणि हुशार गटाच्या पुढे बसलेला गट उपाशी राहतो. मोठ्या क्विझमध्ये यावर तोड काढलेली असते: ज्या गटाने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या गटापासून नवा प्रश्न सुरू करतात. पण तरीही एका वेळी एकच गट विचार करतो आणि उरलेले सात खिडकीबाहेर बघतात. पाटीने तो प्रश्नच मिटतो.

*

आता प्रश्नांबद्दल. आठवड्याला एकवीस प्रश्न लागतात: पाटीच्या फेरीला सहा, दुसऱ्या फेरीला तीन आणि शेवटच्या फेरीला बारा. त्यातले चौदा त्या आठवड्याच्या धड्यांवर आणि सात आधीच्या महिन्यांतले, नाहीतर जूनमधला धडा दिवाळीपर्यंत पार धुऊन निघतो.

उदाहरण म्हणून ‘बल व दाब’ हा धडा घेऊ. ‘दाब म्हणजे काय?’ असं विचारलं की अर्धा वर्ग एका दमात म्हणतो, एकक क्षेत्रफळावर लंबदिशेने लागणारं बल. पाढ्यासारखं. यातून काहीच कळत नाही. आता असं विचारा: तीस न्यूटन वजनाची एक वीट आहे. लांबी वीस सेंटिमीटर, रुंदी दहा, जाडी पाच. ती आडवी ठेवली होती, आता उभी केली. जमिनीवरचं बल वाढलं, कमी झालं की तेवढंच राहिलं? आणि दाबाचं काय झालं?

व्याख्या पाठ असलेल्यांतलीही बरीच मुलं लिहितात, ‘बल वाढलं’. खरं तर वीट तीच, वजन तेच, म्हणून बलही तेच तीस न्यूटन. बदललं ते टेकायचं क्षेत्रफळ. आडवी असताना वीस गुणिले दहा म्हणजे दोनशे चौरस सेंटिमीटर, उभी असताना दहा गुणिले पाच म्हणजे पन्नास. क्षेत्रफळ चौथाई झालं, म्हणून दाब चौपट: दीड हजार पास्कलचा सहा हजार. व्याख्या येणं आणि बल-दाब वेगळे करता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे हा प्रश्न एका मिनिटात दाखवतो.

चुकीचे पर्याय मी मनाने रचत नाही. ते वह्यांत असतात. आठवडाभर वह्या तपासताना मुलांनी जे चुकीचं लिहिलेलं असतं ते मी एका कागदावर टिपून ठेवते, आणि शनिवारी तेच पर्याय म्हणून येतं. मनाने रचलेला चुकीचा पर्याय बहुधा इतका हास्यास्पद असतो की मुलं तो बाजूला टाकून बरोबर उत्तरावर पोहोचतात, विषय न समजताही. वहीतली चूक मात्र कुणाला तरी मनापासून खरी वाटलेली असते, म्हणून ती दुसऱ्यालाही खरी वाटते.

आणि एक पथ्य: ज्या प्रश्नाला दोन उत्तरं निघू शकतात तो आदल्या रात्रीच फाडायचा. ‘लोखंड पाण्यात बुडतं की तरंगतं?’ हा तसा प्रश्न. खिळा बुडतो, जहाज तरंगतं. वर्गात हा विचारला तर पुढची दहा मिनिटं भांडणात जातात, आणि भांडण विज्ञानावर नसतं, दोन गुणांवर असतं.

*

दुसऱ्या फेरीत तीनच प्रश्न असतात, पण सगळ्यात जास्त आवाज याच फेरीत होतो. हिला आम्ही ‘खात्रीची फेरी’ म्हणतो. गटाने मिळून एकच उत्तर द्यायचं आणि त्याच्या शेजारी एक, दोन किंवा तीन असा आकडा लिहायचा. हा आकडा म्हणजे उत्तराची खात्री किती. एक लावला आणि बरोबर आलं तर एक गुण, चुकलं तर शून्य. दोन लावला तर बरोबरला दोन, चुकीला वजा दोन. तीन लावला तर बरोबरला तीन आणि चुकीला वजा सहा.

‘बाई, तीनला वजा तीन पाहिजेत ना? वजा सहा कसले?’ हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि तो रास्त आहे. हे आकडे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले टोनी गार्डनर-मेडविन यांच्या गुणपद्धतीतले आहेत, आणि त्यांच्या मागे सरळ हिशोब आहे. तो मी फळ्यावर करून दाखवते.

समजा, तुम्हाला बऱ्यापैकी वाटतंय, पण पक्कं नाही. असे दहा प्रश्न आले तर सात बरोबर येतील आणि तीन चुकतील, इतपत खात्री. आता आधी मुलांचा नियम लावून बघू, म्हणजे जेवढे मिळतील तेवढेच जातील. तीन लावत गेलात तर एकवीस मिळतील, नऊ जातील, हातात बारा. दोन लावलेत तर हातात आठ. एक लावलेत तर चार. म्हणजे अर्ध्याहून थोडी जरी जास्त खात्री असली तरी तीनच लावणं फायद्याचं. मग सगळे गट कायम तीनच लावणार आणि त्या आकड्यातून मला काही कळणार नाही.

आता खरा नियम लावू. तीन लावलेत तर एकवीस मिळतील, पण तीन चुकांचे अठरा जातील, हातात फक्त तीन. दोन लावलेत तर चौदा वजा सहा, म्हणजे आठ. एक लावलेत तर सात. या खात्रीला दोनच लावणं शहाणपणाचं. दहात नऊ बरोबर येण्याइतकी खात्री असेल तर तीन लावल्यावर एकवीस हातात राहतात आणि दोन लावल्यावर सोळा, म्हणून तिथे तीन लावावेत. आणि निम्मं-निम्मं वाटत असेल तर तीनवर वजा पंधरा, दोनवर शून्य आणि एकवर पाच. अंदाजपंचे असाल तर एकच लावा.

बीजगणिताने सीमा नेमक्या काढता येतात. तीनांत दोनदा बरोबर येण्यापेक्षा खात्री कमी असेल तर एक. त्याहून जास्त, पण पाचांत चारदा येण्यापेक्षा कमी असेल तर दोन. त्याच्या वर असेल तरच तीन. या नियमाची खुबी अशी की खोटं बोलून फायदा होत नाही. जेवढी खात्री आहे तेवढीच सांगितली तर सगळ्यात जास्त गुण मिळतात. फुशारकी मारली तर वजा सहा बसतात, आणि येत असून घाबरून एक लावला तर दोन गुण हातचे जातात. वेगाला गुण देणाऱ्या मोबाइलवरच्या क्विझमध्ये हे होत नाही. तिथे आधी बटण दाबायचं आणि मग विचार करायचा, असंच मुलं शिकतात.

त्या धड्याच्या शनिवारी या फेरीतला एक प्रश्न असा होता: लाकडाचा ठोकळा पाण्यावर तरंगतो आहे, स्थिर आहे. पाणी त्याला वर ढकलतं ते प्लावक बल ठोकळ्याच्या वजनापेक्षा जास्त आहे, वजनाएवढं आहे की कमी आहे?

आठ पाट्या वर आल्या. सहा गटांचं उत्तर ‘जास्त’. त्यातल्या पाचांनी तीन लावले होते, एकाने एक. दोन गटांचं उत्तर ‘वजनाएवढं’. एकाने दोन लावले होते आणि एकाने भीत भीत एक. उत्तर बरोबर होतं त्या दोघांचं. पाच गटांच्या नावापुढे मी फळ्यावर वजा सहा लिहिले आणि वर्ग खवळला.

मला हाच क्षण हवा असतो, कारण आता प्रत्येकाला उत्तर कळून घ्यायचं असतं. एका मुलाने उभं राहून बाजू मांडली. ‘बाई, बादलीत ठोकळा हाताने दाबला की तो उसळून वर येतो. म्हणजे पाणी जास्तच जोराने ढकलतं ना?’ त्याचं निरीक्षण अगदी खरं होतं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधलेल्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं आहे. म्हणूनच तर पाच गटांना एवढी खात्री होती.

प्रयोगशाळेतून तानकाटा आणला. ठोकळा त्याला टांगला, काटा दोन न्यूटनवर. बादलीतल्या पाण्यात हळूहळू सोडत गेले. काटा दीडवर, एकवर, अर्ध्यावर, आणि ठोकळा तरंगायला लागल्यावर शून्यावर. तानकाट्याला आता काहीच उचलावं लागत नव्हतं, कारण दोन न्यूटनचं सगळं वजन पाणी उचलत होतं. जास्त नाही, कमी नाही. जास्त असतं तर ठोकळा तसा स्थिर राहिलाच नसता, अजून वर आला असता. मग त्याच मुलाला बोटाने ठोकळा खाली दाबायला सांगितलं. पूर्ण बुडवलेला असताना तो जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणून त्या वेळी प्लावक बल खरोखर वजनापेक्षा जास्त असतं. बोट काढलं की तो वर येतो, वर येताना पाण्यातला भाग कमी होत जातो, तसतसं बलही कमी होतं, आणि वजनाएवढं झालं की ठोकळा थोडा हेलकावून थांबतो. मुलाचं म्हणणं खरं होतं, पण ते वर येणाऱ्या ठोकळ्याबद्दल होतं. प्रश्न थांबलेल्या ठोकळ्याबद्दल होता.

ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ साली एक गोष्ट दाखवली, जी पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. जी चूक माणूस मोठ्या खात्रीने करतो, ती खरं उत्तर सांगितल्यावर जास्त चांगली दुरुस्त होते. अंदाजाने केलेली चूक तेवढी होत नाही. खात्रीला धक्का बसला की लक्ष जागं होतं. वजा सहाचा उपयोग तिथे आहे. तीन आठवड्यांनी मी विचारलं: होडीत आणखी दोन माणसं बसली, होडी थोडी खाली गेली आणि तशीच तरंगत राहिली, प्लावक बल वाढलं, कमी झालं की तेवढंच राहिलं? वजा सहा बसलेल्या पाचांपैकी चार गटांनी ‘वाढलं’ असं बरोबर लिहिलं. कारणही दिलं: वजन वाढलं, म्हणून तेवढंच बलही. आणि चौघांनीही दोन लावले होते, तीन नाही.

*

या दोन फेऱ्यांनी मुलं विचार करायला लागतात, पण त्यांच्यातून एक नवं दुखणं निघतं. चिठ्ठीवर जिचा नंबर आला आणि जिची पाटी चुकली, तिला मधल्या सुट्टीत ऐकावं लागतं, ‘तुझ्यामुळे गेलं.’ गटात खेळायचं म्हटलं की कच्चं मूल गटाचं ओझं ठरतं. दोन-तीन शनिवार असं झालं की ते शनिवारी शाळेतच येत नाही. ‘असं बोलायचं नाही’ एवढं सांगून हे थांबत नाही, कारण गुणांचा नियमच त्या मुलांना तसं बोलायला लावत असतो. तेव्हा त्यावर उताराही गुणांतूनच काढावा लागतो.

तो उतारा जुना आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड डेव्ह्रीस आणि कीथ एडवर्ड्स यांनी ‘टीम्स-गेम्स-टुर्नामेंट’ नावाची पद्धत तयार केली. तिचं सूत्र साधं आहे: गट मिसळीचे करायचे, पण स्पर्धा बरोबरीच्यांशी लावायची.

आमची तिसरी फेरी तशी आहे. गट पाडतानाच मी घटक चाचणीच्या गुणांप्रमाणे यादी करते आणि वरच्या आठांतला एक, त्याखालच्या आठांतला एक असे प्रत्येक गटात पाच घालते. शेवटच्या फेरीत हे गट मोडतात. वरच्या आठांची चार-चारची दोन टेबलं, त्याखालच्या आठांची दोन, अशी दहा टेबलं लागतात. टेबल म्हणजे जोडलेली दोन बाकं. प्रत्येक टेबलावर चार गटांचे चार जण, साधारण एकाच तयारीचे. प्रत्येक टेबलावर तेच बारा प्रश्न. एका पानावर चौकटी आखून लिहायचे, दहा झेरॉक्स काढायच्या आणि कापायच्या. उत्तरांचा कागद वेगळा.

एकाने चिठ्ठी उचलायची, मोठ्याने वाचायची, उत्तर द्यायचं. डावीकडच्याला ते चूक वाटलं तर त्याने ‘आव्हान’ म्हणून आपलं उत्तर सांगायचं. उजवीकडच्याने उत्तराचा कागद बघायचा. ज्याचं बरोबर त्याला ती चिठ्ठी. आव्हान चुकलं तर आधी जिंकलेली एक चिठ्ठी परत द्यायची. बारा चिठ्ठ्या संपल्या की मोजणी: सर्वांत जास्त चिठ्ठ्या असलेल्याला चार गुण, मग तीन, दोन, एक. हे गुण घेऊन प्रत्येकाने आपल्या मूळ गटात परत जायचं.

इथे चित्र पालटतं. शेवटच्या टेबलावर जिंकलेल्या मुलीचे चार गुण आणि पहिल्या टेबलावर जिंकलेल्या मुलाचे चार गुण सारखेच मोजले जातात. तिसऱ्या फेरीत गटाला जास्तीत जास्त वीस गुण मिळू शकतात. पाटीच्या फेरीत जास्तीत जास्त बारा, खात्रीच्या फेरीत नऊ. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा या फेरीचा आहे, आणि त्यात पाचही जणांना सारखी संधी आहे. मग गटातली हुशार मुलं शुक्रवारपासूनच त्या मुलीच्या मागे लागतात. ‘तू दाबाची गणितं करून ये, तुझ्या टेबलावर तू चार आणू शकतेस.’ ती ओझं राहत नाही, गटाची हुकमी पत्ती होते.

पुढच्या शनिवारी टेबलावरचा पहिला एक टेबल वर सरकतो आणि शेवटचा एक खाली. त्यामुळे सारखं जिंकणाऱ्याला तगडे भिडू मिळतात आणि सारखं हरणाऱ्याला जरा सोपे. एकाच गटातले दोघं चुकून एका टेबलावर आले तर शेजारच्या टेबलाशी अदलाबदल करायची. टेबलांना मी नंबर न देता नद्यांची नावं दिली आहेत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कुठली नदी वरची आणि कुठली खालची हे मुलांना कळतंच. ते लपवता येत नाही. पण दर आठवड्याला कुणीतरी नदी बदलतं, हे त्यांना तितकंच दिसतं.

*

खेळ बिघडतोय हे ओळखायच्या काही खुणा आहेत. पाटीच्या फेरीत एका गटाच्या पाचही पाट्यांवर शब्द न् शब्द सारखा असेल, तर एकजण सांगतोय आणि चारजण लिहून घेतायत. अशा वेळी चाळीस सेकंदांच्या शांततेवर जास्त लक्ष द्यावं लागतं. खात्रीच्या फेरीत सगळीकडे तीन दिसायला लागले तर प्रश्न फार सोपे आहेत. सगळीकडे एक दिसायला लागले तर तो धडा मला पुन्हा शिकवायला हवा, त्याला क्विझ पुरणार नाही. आणि उत्तरावरच्या चर्चेपेक्षा गुणांवरची चर्चा लांबायला लागली, तर त्या शनिवारची बेरीज मी फळ्यावर लिहीतच नाही.

खेळाला मर्यादाही आहेत. चाळीस सेकंदांत बसेल तेवढंच इथे विचारता येतं. आकृती काढून नावं देणं, प्रयोगाची कृती ओळीने लिहिणं, पाच गुणांचं उत्तर बांधणं, यांतलं काहीच क्विझने येत नाही. त्यासाठी आठवड्यातले बाकीचे तास आहेत. आणि गटाचे गुण म्हणजे मुलाचे गुण नव्हेत. म्हणून सोमवारी पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, चतकोर कागदावर, शनिवारचेच पाच प्रश्न शब्द बदलून सोडवायचे. त्याचे गुण कुठे धरत नाही. कोणत्या प्रश्नावर किती कागद कोरे आले, एवढंच मी मोजते. शनिवारी किती दंगा झाला त्यापेक्षा सोमवारचा हा आकडा मला जास्त सांगतो.

सहामाहीच्या आधी वह्या तपासायला आल्या, तेव्हा शेवटच्या टेबलापासून वर सरकत आलेल्या एका मुलीच्या वहीत प्रत्येक मुद्द्याशेजारी समासात पेन्सिलने आकडे दिसले. एक, दोन, तीन. हे कशाला, असं विचारलं तर म्हणाली, ‘बाई, क्विझमध्ये हा आला तर मी किती लावीन ते लिहिलंय. एकवाले आधी वाचते. तीनवाले शेवटी, वेळ उरला तर.’ काही ठिकाणी तीन खोडून दोन केलेले होते. असे खोडलेले आकडे जिथे होते, ते पान तिने दुमडून ठेवलं होतं.